स्फिनॉइडमधली आडवी भिंत: ऑपरेशनआधी सायनसचा सीटी कसा वाचावा

प्रश्न: सोलापुरात दीड वर्षापासून ईएनटी प्रॅक्टिस करतोय. पेशंट ४२ वर्षांचा, यंत्रमागावर काम करणारा. दोन्ही नाकपुड्यांत पॉलिप, सात-आठ वर्षांपूर्वी एकदा दुर्बिणीचं ऑपरेशन झालंय, पण त्याचे कागद नाहीत. सीटीच्या रिपोर्टमध्ये 'पॅनसायनुसायटिस, पॉलिपोसिस, डीएनएस' एवढंच लिहिलंय. मी बघितलं तर उजव्या स्फिनॉइडमध्ये एक आडवी भिंत दिसते. ऑल्फॅक्टरी फोसा उजवीकडे ४ आणि डावीकडे ७ मिमी भरतो, उजवं छत खाली वाटतं. डाव्या डोळ्याच्या आतल्या भिंतीला फुगवटा आहे. यातलं काय महत्त्वाचं, आणि स्कॅन कोणत्या क्रमाने वाचायचा?

उत्तर:

आधी त्या आडव्या भिंतीचं बघू, कारण तुमच्या सगळ्या निरीक्षणांत सर्वात जास्त नुकसान करू शकेल अशी तीच आहे. स्फिनॉइडचा स्वतःचा पडदा उभा किंवा तिरका असतो, तो उजवा-डावा भाग वेगळा करतो. कोरोनल चित्रात स्फिनॉइडच्या जागी आडवी भिंत दिसली, तर वरचा कप्पा स्फिनॉइडचा नसून मागच्या एथमॉइडची एक सेल मागे सरकून स्फिनॉइडच्या डोक्यावर बसली आहे, असंच मी धरून चालतो. हीच ओनोडी सेल. तसं नाही हे सिद्ध होईपर्यंत ती आहे असं मानायचं.

सिद्ध कसं करायचं? त्या वरच्या कप्प्यावर कर्सर ठेवा, सॅजायटल चित्र उघडा आणि कप्पा पुढच्या दिशेने कुठे जातो ते बघा. मध्ये स्फिनॉइडची पुढची भिंत न लागता तो थेट मागच्या एथमॉइडमध्ये मिसळत असेल, तर ओनोडी नक्की. पुढे भिंत लागली आणि कप्पा खालच्या भागाशीच जोडलेला असेल, तर ती स्फिनॉइडच्या आतलीच एखादी अपुरी भिंत आहे. मग ॲक्शियल चित्रात ऑप्टिक नर्व्ह डोळ्यापासून मागे धरत जा आणि ती कोणत्या कप्प्याच्या बाहेरच्या भिंतीला लागून जाते ते पाहा. ओनोडी सेल असेल तर नर्व्ह बहुतेक वेळा तिच्याच बाहेरच्या किंवा वरच्या-बाहेरच्या भिंतीतून जाताना दिसते. कधी तिच्यावरचं हाड नावापुरतं असतं, कधी नसतंच.

धोका कुठे आहे तो समजून घ्या. एथमॉइड उघडत सरळ मागे जाताना शेवटच्या पोकळीत पोचलो की तिची मागची भिंत म्हणजे स्फिनॉइडची पुढची भिंत, असा आपला हात समजतो आणि ती फोडायला जातो. ओनोडी असताना त्या भिंतीमागे स्फिनॉइड नसतो. बाहेरच्या बाजूला ऑप्टिक नर्व्ह असते, मागे कवटीचा तळ, आणि कॅरोटिडही फार लांब नसते. खरा स्फिनॉइड खाली आणि मध्यरेषेकडे असतो. म्हणून अशा पेशंटमध्ये एथमॉइडच्या मागच्या भिंतीतून स्फिनॉइडमध्ये शिरायचं नाही. सुपीरियर टर्बिनेटच्या मध्यरेषेकडच्या बाजूने, कोएनाच्या वरच्या कडेपासून साधारण १ ते १.५ सेंमी वर, स्फिनॉइडचं नैसर्गिक तोंड शोधायचं आणि तिथूनच आत जायचं. आधीच्या सर्जनने हा टर्बिनेट ठेवलाय की काढलाय, हेही सीटीवरच कळतं. आजच नोंदवून ठेवा.

आता स्कॅन वाचण्याबद्दल. रिपोर्टमधले ते तीन शब्द आजार किती पसरलाय ते सांगतात, आणि आजार तर आपल्याला एंडोस्कोपमध्येही दिसलेला असतो. आपल्याला हवी असते भिंतींची माहिती: छत किती उंचीवर आहे, डोळ्याकडची भिंत कुठे आहे आणि ती शाबूत आहे का, धमनी हाडात आहे की लोंबतेय. पॉलिपातून रक्त सुटल्यावर यातलं काहीही डोळ्यांना दिसत नाही. त्या वेळी हात सीटीवरून लक्षात ठेवलेल्या नकाशावर चालतो. म्हणून मी स्कॅन आजाराकडे न बघता एकदा पूर्ण वाचतो आणि आजार नंतर बघतो.

पण त्याआधी स्कॅन वाचण्यालायक आहे का ते तपासा. आपल्याकडे अक्कलकोट, बार्शी किंवा इंडीकडून येणारा पेशंट बऱ्याचदा पिशवीत एकच फिल्म घेऊन येतो. तिच्यावर वीस-चोवीस कोरोनल चित्रं असतात आणि स्लाइस जाड असतात. 'पॉलिप आहेत' एवढं त्यावरून सांगता येतं, धोक्याच्या जागा सांगता येत नाहीत. सेंटरकडून सीडी किंवा पेनड्राइव्हवर डायकॉम फाइल मागा. स्लाइस १ मिमी किंवा त्याहून पातळ, बोन अल्गोरिदमची, फ्रंटल सायनसच्या वरच्या टोकापासून वरच्या दातांपर्यंत. कॉन्ट्रास्टची गरज नाही. यातून कोरोनल, ॲक्शियल आणि सॅजायटल तिन्ही चित्रं कुठल्याही साध्या व्ह्यूअरमध्ये बनतात. मशिनमध्ये पातळ स्लाइसचा डेटा किती दिवस ठेवतात हे प्रत्येक सेंटरवर वेगळं असतं, त्यामुळे मागायला उशीर करू नका. आणि स्कॅन सर्दीच्या ऐन जोरात काढलेला असेल, किंवा मधल्या काळात पेशंटला नवा त्रास सुरू झाला असेल, तर औषधोपचार पूर्ण करून नवा काढलेला बरा.

विंडोचा मुद्दा छोटा, पण इथे बरेच जण फसतात. हाड बघताना स्क्रीनवर WW साधारण २००० ते २५०० आणि WL २०० ते ३०० ठेवा. मऊ भागाच्या अरुंद विंडोत पातळ हाड दिसतच नाही आणि भिंत तुटली आहे असा खोटा समज होतो. उलट बाजूही लक्षात ठेवा. छताच्या कडेचं सर्वात पातळ हाड साधारण ०.२ मिमी जाडीचं असतं आणि आपली स्लाइस असते १ मिमीची. म्हणजे योग्य विंडोतही एखाद्या जागी हाड 'नाही' असं दिसलं, तरी ते अतिशय पातळ असण्याची शक्यता उरतेच. टेबलावर आपली वागणूक दोन्ही वेळा सारखीच असते, त्यामुळे या वादात फार वेळ घालवू नये.

एकदा मऊ विंडोही जरूर लावा, WW ३५०, WL ४०-५०. पॉलिप असलेल्या सायनसमध्ये आत जास्त पांढरे पट्टे किंवा ढग दिसले, तर घट्ट फंगल म्यूसिनचा विचार करा. हे म्यूसिन भिंती दाबून पातळ करतं, त्यामुळे अशा बाजूला छत आणि डोळ्याकडची भिंत दोन्ही संशयाने बघायच्या. एमआरआयच्या T2 चित्रात हेच म्यूसिन काळं दिसतं, अगदी हवा भरल्यासारखं, आणि भरलेला सायनस रिकामा वाटतो. म्हणून ऑपरेशनची आखणी फक्त एमआरआयवर करू नका.

आता तुमचे ४ आणि ७. आकडे मानण्याआधी डोकं सरळ आहे का बघा. स्कॅनच्या वेळी पेशंटने मान किंचित वळवलेली असेल, तर कोरोनलच्या एकाच चित्रात उजवी बाजू पुढची आणि डावी बाजू मागची कापली जाते. ऑल्फॅक्टरी फोसाची खोली पुढून मागे बदलत जाते, त्यामुळे अशा चित्रात केलेली तुलना खोटी ठरते. ॲक्शियलमध्ये दोन्ही डोळ्यांची लेन्स आणि दोन्ही गालांच्या कमानी एकसारख्या येतील असं चित्र फिरवून घ्या. मग कोरोनलमध्ये दोन्ही इन्फ्राऑर्बिटल नर्व्हचे ठिपके एका पातळीवर आणा आणि तेव्हाच मोजा. क्रिब्रिफॉर्म प्लेटपासून उभी रेषा वर घ्यायची, ती एथमॉइडच्या छताची आतली कड जिथे लागते त्या पातळीपर्यंत. हेच अंतर म्हणजे लॅटरल लॅमेलाची उंची.

केरॉसने १९६२ मध्ये याचे तीन प्रकार केले: १ ते ३ मिमी पहिला, ४ ते ७ दुसरा, ८ ते १६ तिसरा. त्या हिशेबाने तुमच्या पेशंटच्या दोन्ही बाजू दुसऱ्या प्रकारात येतात, आणि रिपोर्टमध्ये कोणी 'केरॉस टाइप दोन, दोन्हीकडे' लिहिलं तर ते चूक नाही. पण सर्जनला त्याचा उपयोग शून्य. क्रिब्रिफॉर्म प्लेट दोन्हीकडे एकाच पातळीवर असेल, तर उजवं छत डाव्यापेक्षा ३ मिमी खाली आहे. म्हणजे दोन बाजूंना दोन वेगळे धोके आहेत.

धाब्याच्या घराच्या माळवदात मधोमध पन्हाळ खोल गेलेली असावी, तशी इथली रचना आहे. दोन्ही बाजूंना एथमॉइडची छतं, मध्ये खाली उतरलेला ऑल्फॅक्टरी फोसा, आणि त्याची उभी कड म्हणजे लॅटरल लॅमेला. छताचं हाड साधारण अर्धा मिमी असतं. या कडेचं ०.२, आणि पुढची एथमॉइडल धमनी जिथून आत शिरते त्या खोबणीपाशी तर ०.०५ मिमीपर्यंत. सीएसएफ लीक इथेच का होते, ते यावरून कळेल. तुमच्या पेशंटच्या डाव्या बाजूला ही पातळ कड ७ मिमी उंच आहे. तिथे छताला लागून काम करताना हत्यार मध्यरेषेकडे झुकलं की ते छताला न लागता या कडेतून आत जाईल. म्हणून डावीकडे हत्यारांची तोंडं बाहेरच्या दिशेने, आणि मिडल टर्बिनेटच्या वरच्या बुंध्याला हात नाही. टर्बिनेट पिळून ओढला, तर हाड क्रिब्रिफॉर्मसकट निघतं.

उजवीकडे कड लहान आहे, पण छतच खाली आहे. डावी बाजू आधी केली असेल, तर हाताला त्या उंचीची सवय झालेली असते. त्याच अंदाजाने उजवीकडे वर गेलं की छत ३ मिमी आधीच येतं. म्हणून असा फरक असताना मी खालच्या छताची बाजू आधी करतो. 'केरॉस एक म्हणजे सुरक्षित' हा समज म्हणूनच पूर्ण खरा नाही. फोसा उथळ असून सगळं छतच खाली असलेले पेशंट असतात.

याला जोडून आणखी एक उंची बघा, तिचा उल्लेख रिपोर्टमध्ये जवळजवळ कधीच नसतो. मॅक्सिलरी सायनसचं छत, म्हणजे डोळ्याच्या खोबणीचा तळ, तिथून आडवी रेषा मध्यरेषेकडे काढा. मागच्या एथमॉइडच्या पातळीवर या रेषेपासून कवटीच्या तळापर्यंत किती जागा उरते ते दोन्हीकडे मोजा. कवटीचा तळ पुढून मागे जाताना खाली उतरतो, त्यामुळे पुढे भरपूर वाटणारी जागा मागे कमी होते. ज्याची ही उंची कमी, त्याच्यात मागचं एथमॉइड उघडताना वर जायला वावच नसतो. मॅक्सिलरीचं तोंड आधी मोठं करून तिच्या छताची पातळी डोळ्यांसमोर ठेवायची आणि मागे जाताना त्या पातळीच्या खाली राहायचं. दुसऱ्यांदा होणाऱ्या ऑपरेशनमध्ये ही खूण फार कामाची, कारण टर्बिनेट आणि अनसिनेट गेलेले असू शकतात, पण मॅक्सिलरीचं छत, कोएना आणि डोळ्याची भिंत जागेवर असतात.

आता डाव्या डोळ्याकडचा फुगवटा. लॅमिना पॅपिरेशिया बघायला ॲक्शियल चित्र सर्वात चांगलं. पुढून मागे, वरून खाली, एकेक स्लाइस सरकवत दोन्हीकडची रेषा बोटाने धरल्यासारखी धरत जा. फुगवटा एथमॉइडच्या आत आलेला दिसला की तीन प्रश्न विचारायचे. त्यावर हाड आहे का? आत फक्त चरबी आहे की मिडियल रेक्टस स्नायूही ओढला गेलाय? आणि तो पुढच्या अर्ध्यात आहे की मागच्या? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण पुढच्या भागात भिंत आणि स्नायू यांच्यात चरबीची गादी असते, मागे ती कमी होते आणि स्नायू जवळजवळ भिंतीला टेकतो. पुढच्या भागात भोक पडून चरबी दिसली, तर तिथेच थांबल्यास बहुधा नुकसान होत नाही. मागच्या भागात डीब्रायडरने स्नायू ओढला, तर पेशंटला कायमचं दुहेरी दिसू शकतं, आणि ते नंतर पूर्ण दुरुस्त करणं फार अवघड असतं.

तुमच्या पेशंटमध्ये कारण बहुधा दोनपैकी एक असेल. एक तर जुनी मारामारी किंवा मोटारसायकलवरून पडणं, त्यात ही भिंत आत बसते आणि पेशंटला ते आठवतही नाही. नाहीतर आधीचं ऑपरेशन. विचारून घ्या: त्या ऑपरेशननंतर डोळा काळानिळा झाला होता का, काही दिवस दोन-दोन दिसत होतं का. उत्तर 'हो' असेल, तर भिंतीत भोक आहे असं धरा. डोळ्याची हालचाल आणि नजर आज तपासून केस पेपरवर लिहा, म्हणजे ऑपरेशननंतर काही वेगळं दिसलं तर तुलना करता येईल.

त्या बाजूला टेबलावर काय बदलायचं? दोन्ही डोळे ड्रेपच्या बाहेर उघडे ठेवा. संशय आला की मदतनिसाला बंद पापणीवरून डोळा हलकेच दाबायला सांगा आणि तुम्ही एंडोस्कोपमधून त्या भिंतीकडे बघा. दाबाबरोबर काही हललं, तर तिथे हाड नाही. डीब्रायडरचं तोंड त्या भिंतीकडे कधीच नको. डीब्रायडर आधी ओढतो आणि मग कापतो, म्हणून हाड नसलेल्या जागी ब्लेड भिंतीला टेकलेलं नसलं तरी चरबी आत येते. पिवळा मऊ तुकडा निघालाच, तर सलाइनमध्ये टाकून बघा. पॉलिप बुडतो, चरबी तरंगते. उरलेली चरबी ओढायची नाही, आत ढकलायची नाही, तिच्यावर घट्ट पॅकही बसवायचा नाही.

याच भिंतीवर पुढची एथमॉइडल धमनी शोधा. कोरोनलमध्ये डोळ्याच्या मागच्या बाजूला सरकताना आतल्या भिंतीवर सुपीरियर ऑब्लिक आणि मिडियल रेक्टस या दोन स्नायूंच्या मध्ये एक छोटा टोकदार खळगा दिसतो. धमनी तिथून एथमॉइडमध्ये येते. हा खळगा थेट छताला चिकटलेला असेल, तर धमनी हाडाच्या आत सुरक्षित आहे. खळगा आणि छत यांच्यामध्ये काळी हवा दिसली, तर धमनी छतापासून काही मिमी खाली पातळ पडद्यात लटकते आहे, आणि फ्रंटल रिसेस साफ करताना ती सेलची भिंत समजून कापली जाऊ शकते. डोळ्याच्या वर पसरलेली सुप्राऑर्बिटल सेल असेल, तर ही शक्यता बरीच वाढते. पॉलिपमुळे सगळंच राखाडी असेल तर हवा दिसणार नाही. तेव्हा खळगा आणि छत यांच्यातलं अंतर हाडावरून मोजा.

ही धमनी कापली गेली की रक्तस्रावापेक्षा मोठी भीती असते ती टोक डोळ्याच्या खोबणीत आखडून जाण्याची. मग नाकात रक्त कमी आणि डोळ्यामागे जास्त. डोळा दगडासारखा घट्ट होतो, पुढे येतो, बाहुली मोठी होते. रेटिना साधारण ६० ते ९० मिनिटं तग धरते, म्हणून अशा वेळी सीटीला पाठवण्यात वेळ घालवायचा नाही. पॅक काढायचा, टेबलावरच लॅटरल कँथॉटॉमी करून खालचा कँथल टेंडन सोडवायचा, आणि हे चालू असतानाच नेत्रतज्ज्ञाला बोलवायचं. त्यासाठी लागणारी कात्री आणि आर्टरी फोर्सेप्स ऑपरेशनच्या आधीच ट्रेमध्ये आहेत याची खात्री करा.

स्फिनॉइडमध्ये आणखी दोनच गोष्टी बघायच्या. बाहेरच्या भिंतीत वर ऑप्टिक नर्व्ह आणि तिच्या खाली-मागे कॅरोटिडचा फुगवटा असतो. दोन्हींवर हाडाची रेषा आहे का ते ॲक्शियल आणि कोरोनल दोन्हींत तपासा. दुसरं म्हणजे मधला पडदा मागे कुठे जाऊन चिकटतो. तो मध्यरेषा सोडून कॅरोटिडच्या हाडाला जाऊन मिळत असेल, तर पडदा धरून हलवणं किंवा पिळून मोडणं पूर्ण वर्ज्य. काढायचाच असेल तर कापणाऱ्या पंचने तुकड्या-तुकड्याने, नाहीतर तसाच ठेवावा.

आता या सगळ्यावरून तुमच्या पेशंटची आखणी. वरची मोजमापं डोकं सरळ केल्यावरही तशीच आली असं धरतो. मी एका कागदावर मध्ये रेघ मारून दोन रकाने करेन. उजवीकडे: छत ३ मिमी खाली, ओनोडी आहे, ऑप्टिक नर्व्ह तिच्या भिंतीत. डावीकडे: पातळ कड ७ मिमी, डोळ्याच्या भिंतीत फुगवटा, आत स्नायू आहे की नाही ते लिहिलेलं. दोन्हीकडे धमनी कुठे, टर्बिनेट शिल्लक आहेत का, मॅक्सिलरीच्या छतापासून वर किती जागा. कागदावरची उजवी-डावी फिल्मसारखीच ठेवा, म्हणजे पेशंटची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला. फिल्म व्ह्यू बॉक्सवर उलटी लागली की सगळी आखणीच उलटी होते, म्हणून फिल्मवरचा R बघूनच ती लावायची.

सुरुवात उजवीकडून. मॅक्सिलरीचं जुनं तोंड शोधून मोठं करायचं, छताची पातळी डोळ्यांसमोर आणायची. खालचं एथमॉइड साफ करत मागे जायचं, मग सुपीरियर टर्बिनेटच्या आतल्या बाजूने स्फिनॉइडचं तोंड. स्फिनॉइड उघडला की वर ओनोडीची आडवी भिंत दिसेल, तिला कवटीचा तळ समजू नका; जिथे वर ओनोडी नाही तिथेच छताची खरी उंची डोळ्यांनी कळते. तिथून कवटीच्या तळाला धरून मागून पुढे यायचं. वरच्या सेल शेवटी, कारण तोवर छत कुठे आहे ते अंदाजाने नाही, बघून माहीत झालेलं असतं. ओनोडी सेल आजाराने भरलेली नसेल तर तिला हात लावू नका. भरलेली असेल तर तिची खालची-आतली भिंत फक्त काढा, म्हणजे ती स्फिनॉइडमध्ये मोकळी होईल. बाहेरच्या भिंतीवरची म्यूकोसा तशीच राहू द्या.

डावीकडे तोच क्रम, फक्त फुगवट्याच्या जागी डीब्रायडर नाही, साधी कापणारी हत्यारं, आणि फुगवट्याभोवती थोडा पॉलिप राहिला तरी चालेल. दुसऱ्यांदा होणाऱ्या ऑपरेशनमध्ये मधल्या भिंती जाड, पांढऱ्या झालेल्या असतात. स्कॅनवर त्या दिसल्या तर हाताला लागणारं कठीण हाड म्हणजे छत असं समजू नका. उलटही होतं: जाड सेलची भिंत समजून छतच फोडलं जातं. कठीण लागलं आणि जागा पटत नसेल, तर स्क्रीनकडे परत जायचं.

एका परिस्थितीत मात्र ही आखणी थांबवायची. छतात हाड नाही आणि त्याच्या बरोबर खाली एक मऊ गोळा आहे, असं दिसलं, विशेषतः आधी ऑपरेशन झालेल्या पेशंटमध्ये. तो पॉलिप वाटतो, पण मेंदूचं आवरण किंवा मेंदूचा भाग खाली उतरलेला असू शकतो. ओपीडीत त्याची बायोप्सी नको, आधी एमआरआय. पेशंटला वाकल्यावर एका नाकपुडीतून स्वच्छ पाणी टपकतं का, हेही विचारा. आधीच्या सर्जनच्या हातून छताला धक्का लागला असेल, तर ते इथेच कळेल.

हे तुम्ही स्वतः करावं की पाठवावं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. ते तुमचा हात, भूलतज्ज्ञ रक्तदाब किती खाली आणि स्थिर ठेवू शकतो, आणि गरज पडली तर नेत्रतज्ज्ञ किती मिनिटांत येईल यावर ठरतं. आधी ऑपरेशन झालेला पेशंट, ओनोडी आणि डोळ्याकडचा फुगवटा, हे तिन्ही एकाच माणसात असताना मी नॅव्हिगेशन असलेली जागा पसंत करेन. ते मिळणार नसेल, तर मॅक्सिलरी, खालचं एथमॉइड आणि पॉलिप साफ करून नाक आणि औषधाची वाट मोकळी करायची, स्फिनॉइड आणि वरच्या सेल सोडून द्यायच्या, हाही योग्य निर्णय आहे. पॉलिपचं बरंचसं भवितव्य नंतरच्या स्टिरॉइड धुण्यावर असतं. तसंच होणार असेल तर पेशंटला आधीच सांगा, आणि संमतीपत्रावर नजर, दुहेरी दिसणं आणि मेंदूतलं पाणी गळणं हे तीन धोके मराठीत, त्याला समजतील अशा शब्दांत लिहा.

रेडिऑलॉजिस्टशीही पुढच्या वेळी असं होऊ देऊ नका. चिठ्ठीवर नुसतं 'सीटी पीएनएस' लिहिलं, की रिपोर्टही तेवढाच येतो. त्याऐवजी लिहा: 'एंडोस्कोपिक ऑपरेशनसाठी, दुसऱ्यांदा. १ मिमी किंवा पातळ स्लाइस, बोन अल्गोरिदम, डायकॉम सीडी द्यावी. दोन्ही बाजूंच्या ऑल्फॅक्टरी फोसाची खोली, छताच्या उंचीतला फरक, लॅमिना पॅपिरेशिया, पुढची एथमॉइडल धमनी, ओनोडी सेल, स्फिनॉइडमधली ऑप्टिक नर्व्ह आणि कॅरोटिड यांवर कृपया लिहावं.' आणि या पेशंटसाठी त्यांना आजच फोन करून तो वरचा कप्पा सॅजायटलमध्ये तुमच्यासोबत बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि डेटा अजून मशिनमध्ये असेल.